मिश्र ॲक्शन, स्लो मोशन आणि १४ वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची कंबर

प्रश्न: मी लहान खेळाडूंसाठी क्रिकेटच्या तंत्राचे व्हिडिओ बनवतो. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या १४ वर्षांच्या उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाची ॲक्शन स्लो मोशनमध्ये दाखवून एक भाग करायचा आहे. त्याचं मागचं पाऊल सरळ फलंदाजाकडे तोंड करून पडतं. बघणारे म्हणतात, याला साइड-ऑन करा. हल्ली स्पेल झाला की कमरेत डाव्या बाजूला दुखतं म्हणतो, दुसऱ्या दिवशी बरा असतो. चित्रण कसं करू, त्यात काय बघू आणि कोणते ड्रिल देऊ?

उत्तर:

आधी त्याची गोलंदाजी थांबवा. आजपासून, आणि चित्रणासाठीही एक चेंडू टाकायला लावू नका. तुम्ही दुखण्याचा उल्लेख शेवटी केलात, पण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करणारा, अंगाने वाढत असलेला मुलगा कमरेत खाली, डाव्या बाजूला, एका ठरावीक जागी दुखतं म्हणत असेल, तर डॉक्टरांनी तपासून नाही म्हणेपर्यंत तो मणक्याच्या हाडावरचा ताण आहे असंच धरून चालायचं.

कारण असं. चेंडू सोडायच्या क्षणी उजव्या हाताचा गोलंदाज डावीकडे झुकलेला असतो, थोडा मागे वाकलेला असतो आणि त्याच वेळी कंबरेतून वळतही असतो. ओला टॉवेल पिळताना मधल्या भागाला जसा पीळ बसतो, तसा पीळ इथे शेवटच्या दोन कंबर-मणक्यांच्या मागच्या कमानीला बसतो, आणि तोही डाव्या बाजूला जास्त. त्यात पुढचं पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर वर येतो. चांगल्या वेगाच्या गोलंदाजांमध्ये तो पाचपट किंवा त्याहूनही जास्त असतो. मुलांच्या मणक्याची ही कमान पूर्ण पक्की व्हायला विशी उजाडते. एका चेंडूने काही होत नाही. पण भरून येण्याआधीच पुन्हा पुन्हा ताण पडत राहिला की हाडाला आधी सूज येते आणि मग बारीक तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

‘दुसऱ्या दिवशी बरा असतो’ हे ऐकून निश्चिंत होऊ नका. सुरुवातीचं दुखणं असंच असतं: स्पेलनंतर येतं, विश्रांतीने जातं. मग ते स्पेलच्या मध्येच यायला लागतं, पुढे पहिल्याच षटकात. तोवर तडा गेलेला असू शकतो. हाडांच्या किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे पाठवताना आईबाबांना एवढं नक्की सांगा: मुलगा वेगवान गोलंदाज आहे, दुखणं हाताच्या विरुद्ध बाजूला आहे आणि मागे वाकल्यावर वाढतं की नाही. हे कळलं नाही तर साध्या एक्स-रेवर विषय संपू शकतो, आणि पहिल्या टप्प्यातली हाडाची सूज एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. कोणती तपासणी करायची हे डॉक्टर ठरवतील, पण ‘एक्स-रे चांगला आला, टाक आता चेंडू’ हा निष्कर्ष मैदानावर कोणी काढू नये. दुसरा सापळा त्याहून मोठा आहे. निदान ताणाचं निघालं आणि गोलंदाजी थांबवली, तर दुखणं अनेकदा दोन-तीन आठवड्यांतच पळून जातं. हाड मात्र भरायला महिने घेतं. मुलगा उड्या मारत येतो, ‘सर, काहीच दुखत नाही’, आणि पुन्हा सुरुवात होते.

हे मोठ्या नावांनाही चुकलेलं नाही. डेनिस लिली १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर पाठीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने बाहेर पडला, आणि परत आला तो बदललेली ॲक्शन घेऊन. पॅट कमिन्सने १८ व्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला कसोटी पदार्पणात दुसऱ्या डावात ६ बळी घेतले. त्याची पुढची कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली, आणि मधल्या दुखापतींत पाठ ठळक होती. तुमच्या व्हिडिओत अशा उदाहरणाला जागा द्या. मुलं ऐकतात ती अशाच नावांमुळे.

आता साइड-ऑनच्या सल्ल्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

साइड-ऑन ॲक्शनमध्ये मागचं पाऊल क्रीजला जवळजवळ समांतर पडतं, कंबर आणि खांदे दोन्ही आडवे असतात, आणि गोलंदाज डाव्या हाताच्या बाहेरच्या बाजूने, खांद्यावरून फलंदाजाकडे बघतो. फ्रंट-ऑनमध्ये मागचं पाऊल फलंदाजाकडे रोखलेलं असतं, छाती समोर असते आणि नजर डाव्या हाताच्या आतल्या बाजूने जाते. मधली, अर्धवट उघडी ॲक्शनही असते. पाऊल, कंबर आणि खांदे एकमेकांशी जुळलेले असतील तर या तिन्हींपैकी कोणतीही ॲक्शन चालते. धोका आहे तो मिश्र ॲक्शनमध्ये. पाय आणि कंबर फ्रंट-ऑन पडतात, आणि मग खांदे मागे वळून साइड-ऑन व्हायला जातात. मागचं पाऊल टेकल्यानंतर खांदे उलट्या दिशेने साधारण ३० अंशांपेक्षा जास्त वळले, तर अभ्यासक त्या ॲक्शनला मिश्र धरतात. तो उलटा वळसा पुढचं पाऊल पडेपर्यंत सोडवून परत पुढे आणायचा असतो, आणि हे सगळं घडतं त्याच कमानीवर.

बरं, ही मिश्र ॲक्शन मुलांत येते कुठून? बऱ्याचदा आपल्याच सूचनेतून. साइड-ऑन हीच खरी ॲक्शन, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. ‘खांद्यावरून बघ’, ‘डावा खांदा दाखव’ असं ओरडून सांगितलं की मुलगा खांदा वळवतो, कारण तेच त्याच्या हातात असतं. पाऊल कसं पडतं हे धावण्याच्या वेगावर आणि उडीवर ठरलेलं असतं. ते सूचनेने बदलत नाही. म्हणजे फ्रंट-ऑन पाऊल पडणाऱ्या मुलाला साइड-ऑन हो म्हणणं म्हणजे त्याला मिश्र ॲक्शन शिकवणं. बघणाऱ्यांचा सल्ला चांगल्या मनाने आला असेल, पण या मुलासाठी तो उलटा आहे. व्हिडिओ करायचाच तर त्यात हेच सांगा.

चित्रणाचं म्हणाल, तर तुमच्याकडे त्याच्या जुन्या स्पेल्सचं चित्रण असेल. सध्या तेच वापरा. पुढे तो पुन्हा टाकायला लागला की खाली सांगतो तसं नव्याने घ्या.

पुढचं पाऊल टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा वेळ साधारण एक दशांश सेकंद असतो. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. म्हणजे या सगळ्या नाट्याची तुम्हाला तीनच चित्रं मिळतात, आणि त्यांत नेमका हवा तो क्षण निसटतो. फोनवर २४० चित्रांचा स्लो मोशन लावला तर तेवढ्याच वेळाची २४ चित्रं मिळतात. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू ३० च्या चित्रणात दोन चित्रांमध्ये जवळजवळ ९३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, तर २४० मध्ये जेमतेम १२. म्हणून चेंडू कुठे सुटला हे साध्या चित्रणावरून सांगायला जाऊच नये.

भरपूर ऊन असलेल्या वेळी चित्रण करा, कारण इतक्या वेगात प्रत्येक चित्राला प्रकाश कमी मिळतो. ढगाळ हवेत हात धुरकट पट्टा होऊन बसतो, आणि बंदिस्त नेटमध्ये काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. आणखी एक, फाइल पाठवताना साध्या व्हिडिओसारखी पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर मेसेज ॲप ती दाबून लहान करतं, मधली चित्रं गळतात, आणि तुम्ही मुलाच्या ॲक्शनऐवजी उरलेल्या तुकड्यांचं विश्लेषण करत बसता.

कॅमेरे दोन जागी लागतात. पहिला बाजूने: क्रीजच्या रेषेवर, आठ-दहा मीटर लांब, ट्रायपॉडवर कंबरेच्या उंचीला, आणि लेन्स खेळपट्टीला काटकोनात. थोडा जरी मागून-पुढून तिरका ठेवला तरी पुढचा गुडघा वाकलेला की ताठ हे चुकीचं दिसतं. दुसरा समोरून: फलंदाजाच्या टोकाच्या यष्ट्यांच्या मागे, नेटच्या पलीकडे, मधल्या यष्टीच्या सरळ रेषेत, झूम करून. हा दुसरा कॅमेरा लोक विसरतात, आणि मिश्र ॲक्शन फक्त त्याच्यातच नीट दिसते. फोन नेटच्या अलीकडे धरून कोणालाही उभं करू नका, मोठ्या माणसालाही नाही.

दूरचित्रवाणीवरचे रिप्ले आणि तुमचं चित्रण शेजारी शेजारी लावायचा मोह होईल. तो टाळा. तिथला कॅमेरा उंचावर असतो, लांबून प्रचंड झूम केलेला असतो, आणि त्यामुळे खोली चपटी होते. बुमराहचा हात आणि तुमच्या मुलाचा हात एका चौकटीत दाखवला की बघणारी शंभर मुलं तसा हात करायला जातात. बुमराहचा कोपर उलट्या दिशेने जास्त वळतो, ही त्याच्या शरीराची ठेवण आहे. ती उचलता येत नाही. आणि त्यालाही २०१९ मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं होतं, २०२२ मध्ये पाठीने पुन्हा त्रास दिला आणि टी-२० विश्वचषक हुकला.

आता समोरचं चित्रण एकेक चित्र पुढे नेत बघा. मला तीन क्षण हवे असतात. पहिला, मागचं पाऊल पूर्ण टेकलं तो. दुसरा, त्यानंतर खांदे सगळ्यात जास्त बंद झाले तो. तिसरा, पुढचं पाऊल टेकलं तो. तिन्ही चित्रं स्थिर करून बाजूला ठेवा.

खांदे किती वळले याचा ढोबळ अंदाज पट्टीने घेता येतो. समजा मुलगा छाती पूर्ण समोर करून क्रीजवर नुसता उभा आहे, आणि स्क्रीनवर दोन्ही खांद्यांच्या टोकांमधलं अंतर ५० मिलिमीटर भरतं. मागचं पाऊल टेकलं त्या चित्रात ते ४६ भरलं, आणि सगळ्यात बंद क्षणी २९. खांद्यांची रेघ जितकी वळते तितकी ती समोरून आखूड दिसते. या मापांवरून पाऊल टेकताना खांदे साधारण २३ अंश वळलेले होते आणि पुढे ते ५५ अंशांपर्यंत गेले. म्हणजे पाऊल पडल्यानंतर सुमारे ३० अंशांचा उलटा वळसा. हा मुलगा मिश्र ॲक्शनच्या उंबरठ्यावर आहे.

या मापाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगा. छाती जवळजवळ समोर असताना १० अंशांच्या फरकाने रुंदी जेमतेम दीड टक्का बदलते, त्यामुळे पहिल्या मापात चूक सहज होते. गोलंदाज बाजूला झुकला की रेघ तिरपी होते, तेव्हा आडवं अंतर न मोजता तिरप्या रेघेवरच पट्टी ठेवा. खरा कोन प्रयोगशाळेत अनेक कॅमेऱ्यांनीच कळतो. म्हणून स्क्रीनवर ‘३१.७ अंश’ असा आकडा झळकवू नका. एकाच मुलाची, एकाच जागेच्या कॅमेऱ्यातून, महिन्याच्या अंतराने केलेली तुलना मात्र विश्वासाने दाखवता येते.

तिसऱ्या चित्रात पुढच्या पावलाची जागा बघा. मधल्या यष्टीपासून लक्ष्यापर्यंत एक रेघ मनात धरा. उजव्या हाताच्या गोलंदाजाचं डावं पाऊल त्या रेघेच्या फार उजवीकडे, म्हणजे मागच्या पावलाला ओलांडून पडलं, तर कंबरेला जायला वाट उरत नाही आणि वरचं अंग डावीकडे कोसळतं. समोरच्या चित्रणात डोकं पुढच्या पावलाच्या किती बाहेर गेलं, यावरून हे कोसळणं कळतं. थोडा झुकाव प्रत्येक वेगवान गोलंदाजात असतो आणि असायलाच हवा. स्पेलच्या पहिल्या षटकात तो किती होता आणि शेवटच्या षटकात किती झाला, यातला फरक मला जास्त बोलका वाटतो. म्हणून चित्रण नेहमी दोन्ही षटकांचं घ्या. थकलेला मुलगाच आपली खरी ॲक्शन दाखवतो.

एक गोष्ट मात्र फोनच्या चित्रणावरून कधीच बोलू नका: कोपर वाकतो आणि हा चेंडू फेकतो. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे वेगाने फिरणारा हात प्रत्यक्षात नसलेला बाक दाखवू शकतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटची १५ अंशांची मर्यादा प्रयोगशाळेत मोजतात. १४ वर्षांच्या मुलावर फेकीचा शिक्का जाहीर व्हिडिओत बसला, तर तो पुसायला फार वर्षं जातात.

ड्रिल. हे सगळं डॉक्टर आणि फिजिओ परवानगी देतील त्यानंतरचं आहे, आणि तेही सामन्यांचा हंगाम चालू नसताना. दिशा एकच: पाऊल जसं पडतं तसं पडू द्यायचं, आणि खांद्यांना पावलाशी जुळवायचं. पाऊल जबरदस्तीने आडवं केलं तर मुलगा पूर्ण वेगात धावत येऊन त्या वळलेल्या पायावर उतरतो, आणि पीळ गुडघ्याकडे सरकतो.

पहिला ड्रिल चेंडूशिवाय. खेळपट्टीवर खडूने सरळ रेघ. तीन पावलं चालत यायचं, छोटी उडी, मागच्या पावलावर उतरायचं आणि दोन सेकंद थांबायचं. थांबलेल्या स्थितीत छाती कुठे आहे, हे त्याने स्वतः बघायचं. सूचना एकच द्या: ‘डाव्या हाताच्या आतल्या बाजूने यष्ट्या बघ.’ नजर आत आली की डावा खांदा आपोआप उघडा राहतो. खांद्याबद्दल काही बोलावंच लागत नाही. आठ-दहा उतरणी पुरेत. थांबताना तोल जात असेल तर उडी कमी करा, कारण उंच उडी मारणाऱ्या मुलाला हवेत वळायला जास्त वेळ मिळतो आणि नेमका तिथेच खांदा बंद होतो.

दुसरा ड्रिल चालत, टेनिस बॉलने, दहा-बारा मीटरवरच्या लक्ष्यावर. निम्म्या जोराने टाकायचा, आणि टाकल्यावर समोर ठेवलेल्या दोन शंकूंच्या मधून सरळ पुढे तीन-चार पावलं चालत जायचं. शंकू पॉपिंग क्रीजपासून दोन मीटर पुढे, रेघेच्या दोन्ही बाजूंना. डावीकडे कोसळणारा मुलगा शंकू चुकवतो, आणि ते त्याचं त्यालाच दिसतं. आपण ओरडायची गरज राहत नाही.

इथे एक सावधानी. उभ्या जागेवरून गोलंदाजीचे ड्रिल व्हिडिओंमध्ये फार लोकप्रिय आहेत, कारण ते चित्रात सुबक दिसतात. पण धावण्याचा वेग नसला की मुलगा तो वेग कंबरेतून काढायला बघतो: जास्त मागे वाकतो, जास्त वळतो. जे घालवायचंय तेच पक्कं होतं. म्हणून उभ्याने किंवा चालत टाकलेला चेंडू निम्म्या जोराच्या वर जाता कामा नये, आणि हे व्हिडिओत पडद्यावर लिहून दाखवा. वेग मोजायचं यंत्र तर या टप्प्यावर मैदानात आणूही नका.

तिसरा टप्पा पाच पावलांच्या रनअपचा, चौथा निम्म्या रनअपचा, आणि मग पूर्ण रनअप, साधारण ७० टक्के जोराने. पुढच्या टप्प्यावर कधी जायचं याचा माझा नियम साधा आहे: समोरच्या चित्रणात आठपैकी सहा चेंडूंवर खांदे बंद होताना दिसले नाहीत तर पुढे, नाहीतर त्याच टप्प्यावर अजून काही दिवस. प्रत्येक टप्पा वाढला की जुनी सवय थोडी परत येते. ते अपेक्षितच आहे. एक टप्पा मागे या आणि पुन्हा चढा. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात ब्रूस एलियट यांनी तरुण वेगवान गोलंदाजांवर काही वर्षं केलेल्या कामात शिकवणीने खांद्यांचा उलटा वळसा कमी झाला, आणि त्याबरोबर मणक्यांमधल्या चकत्यांची झीजही कमी आढळली. पण त्याला हंगाम लागले. दहा मिनिटांच्या व्हिडिओत ‘आधी’ आणि ‘नंतर’ शेजारी दाखवताना मधले महिनेही तारखेसह दाखवा, नाहीतर मुलं आठवड्यात ॲक्शन बदलायला बसतील. डावीकडचं कोसळणं मात्र खांद्यांच्या वळशापेक्षा हट्टी असतं. पाऊल ओलांडून पडणं सुधारलं तर ते थोडं कमी होतं, पुष्कळदा तेवढंच.

आणि हे सगळं करूनही चेंडूंची संख्या सुटली तर उपयोग नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजांसाठी वर्षानुवर्षं वापरलेली मर्यादा मला व्यवहारी वाटते. १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये ५ षटकं आणि दिवसात १०. १४-१५ वर्षांच्या मुलांना ६ आणि १२. १६-१७ ला ७ आणि १८. सरावात १४-१५ च्या मुलाने एका वेळी ३६ चेंडू, आणि असे आठवड्यात दोन सराव. कोणत्याही सात दिवसांत गोलंदाजीचे दिवस चारपेक्षा जास्त नाहीत, आणि सलग दोनपेक्षा जास्त नाहीत.

आकडे वाचायला सोपे आहेत. गडबड मोजणीत होते. समजा तुमच्या या मुलाने मंगळवारी तुमच्याकडे ३६ चेंडू टाकले, बुधवारी शाळेच्या नेटमध्ये ४८, शुक्रवारी पुन्हा तुमच्याकडे ३६, शनिवारी शाळेचा सामना आणि ८ षटकं, रविवारी क्लबचा सामना आणि १० षटकं. तुमच्या वहीत आठवड्याचे ७२ चेंडू. शाळेच्या सरांच्या वहीत ९६. दोघंही म्हणणार, आम्ही त्याला दमवलं नाही. प्रत्यक्षात १२ षटकं, १६ षटकं आणि १० षटकं जोडल्यावर झाली ३८ षटकं, म्हणजे २२८ चेंडू. दिवस पाच, सरावाच्या बैठका दोनऐवजी तीन, आणि शुक्रवार-शनिवार-रविवार सलग तीन दिवस. घराच्या अंगणात टाकलेले यात धरलेलेच नाहीत. म्हणून वही मुलाकडे असली पाहिजे, आणि प्रत्येक प्रशिक्षकाने ती आधी बघून मगच चेंडू हातात द्यायचा. वहीत दोनच रकाने पुरेत: जोर लावून टाकलेले चेंडू, आणि कंबर दुखली का, कोणत्या बाजूला.

त्याच वहीत महिन्यातून एकदा उंचीही लिहा. एकदम उंची वाढायला लागली की त्या काळात हाडं, स्नायू आणि तोल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कालपर्यंत चांगली असलेली ॲक्शनही विस्कटते. तेव्हा ॲक्शन दुरुस्त करायला धावू नका. चेंडू कमी करा आणि थांबा. चेंडूचं वजनही बघा: मोठ्यांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नियमातच १३३ ते १४४ ग्रॅमचा आहे. १२ वर्षांच्या मुलाला मोठा चेंडू आणि पूर्ण २२ यार्ड दिले, तर तो पोहोचवण्यासाठी तो कंबरच वापरणार.

व्हिडिओबद्दल शेवटचं. मुलाची आणि आईबाबांची लेखी परवानगी घ्या, शाळेचं नाव आणि जर्सीवरचं नाव झाकून टाका, आणि दुखण्याची त्याची वैद्यकीय माहिती दाखवूच नका. त्याच्याऐवजी न दुखणाऱ्या, फ्रंट-ऑन पाऊल पडणाऱ्या दुसऱ्या मुलावर ड्रिल चित्रित करा. प्रत्येक ड्रिल सुरू होण्याआधी पडद्यावर तीन ओळी ठेवा: कोणत्या वयासाठी, किती वेळा, किती जोराने. चौथी ओळ लाल रंगात: कंबरेत एका बाजूला दुखत असेल तर हा ड्रिल करू नका, आधी डॉक्टर. ही ओळ माहितीच्या चौकटीत खाली लिहिली तर कोणी वाचत नाही. चालू चित्रावरच हवी, निदान पाच सेकंद.

तपासणीत काय निघालं ते कळवा. निदान ताणाचं नसलं तर पहिल्या ड्रिलपासून फिजिओच्या सल्ल्याने लवकर सुरुवात करता येईल. असलं तर पहिला ड्रिलही डॉक्टरांनी तारीख दिल्यावरच.